घरच्या फोटोंचा स्टिकर पॅक: कात्रण, किनार आणि वाटप

अल्बममधला सगळ्यात देखणा फोटो स्टिकरला सहसा चालत नाही. स्टुडिओतला, सगळे ताठ उभे असलेला फोटो कापून चॅटमध्ये टाकला तर तो एक छोटा फोटोच राहतो, त्यातून कोणी काही बोलल्यासारखं वाटत नाही. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपसाठी बारा स्टिकरांचा पॅक केला, तेव्हा कामाचे बहुतेक फोटो निघाले ते पुसून टाकायचे राहून गेलेल्यांतून. आजी चष्म्यावरून बघतेय, काकांची जांभई अर्ध्यावर आहे, आत्याने वाढणाऱ्याला थांबवायला ताटावर हात आडवा धरलाय, भाच्याच्या तोंडात अख्खा मोदक आहे. फोटो म्हणून यांना कोणी फ्रेम करणार नाही, पण 'पुरे', 'कंटाळा आला' आणि 'आत्ता बोलता येत नाही' हे तिघं न लिहिता सांगतात.

निवडीची चाचणी सोपी आहे. कापाकापी सुरू करण्याआधी फोटो स्क्रीनवर बोटाच्या दोन पेरांएवढा होईपर्यंत लहान करायचा आणि क्षणभरच बघायचा. चेहऱ्यावरचा भाव तेवढ्यात कळला तर फोटो ठेवायचा. कोण आहे हे कळतं पण काय म्हणतंय ते कळत नाही, असा फोटो सोडून द्यावा, मग तो कितीही लाडका असो. पूर्ण उंचीचे फोटो इथेच बाद होतात, कारण डोक्यापासून पायापर्यंतचा माणूस चौकोनात बसवला की चेहरा वाटाण्याएवढा उरतो. चेहरा आणि एक हात, किंवा फार तर कमरेपर्यंतचा भाग, इतकंच घ्यावं. हात दिसणं महत्त्वाचं आहे, कारण आपल्याकडचं अर्धं बोलणं हातानेच होतं.

मजकुराची अडचण आधीच सोडवलेली बरी. स्टिकर कोणीही कोणालाही पाठवणार, आणि मराठीत क्रियापद माणसाप्रमाणे बदलतं. आजीच्या फोटोखाली 'जेवलास का?' लिहिलं की तो स्टिकर बहिणीला पाठवता येत नाही, काकांना तर नाहीच नाही. 'पोचले' लिहिलं तर घरातले पुरुष तो वापरणार नाहीत. त्यामुळे पॅकमधल्या ओळी 'जेवण झालं?', 'पुरे हं', 'बरं', 'कधी येणं होतंय?', 'वा वा!' अशा ठेवल्या. यांत बोलणारा आणि ऐकणारा दोघंही मोकळे राहतात. 'गप्प बस' हा आजोबांच्या तोंडी शोभून दिसतो, पण सून तो दिरांना पाठवू शकत नाही. तिथे नुसतं 'शूऽऽ' चाललं. बारांपैकी पाचांवर मजकूरच नाही, आणि मला वाटतं तेच पाच जास्त टिकतील.

मूळ फोटो मिळवणं

ग्रुपमध्ये नेहमीच्या पद्धतीने आलेला फोटो दाबून लहान केलेला असतो. डोळ्यांना तो ठीक दिसतो, पण केसांच्या आणि कपड्यांच्या कडेला बारीक चौकटींचा गाळ साचलेला असतो, आणि कात्रण करताना नेमकी तीच कड आपल्याला हवी असते. ज्याने फोटो काढला त्याच्याकडून तो डॉक्युमेंट म्हणून मागवावा. मग फाइल मूळ आकारात येते.

छापील फोटोंचं गणित वेगळं. पॅकमधला सगळ्यात अवघड स्टिकर आजोबांचा होता. सहा बाय चार इंचांच्या जुन्या प्रिंटवर पांढरी गांधी टोपी, पांढरा सदरा आणि मागे चुन्याची भिंत. सगळीकडे पांढऱ्यावर पांढरं. प्रिंटचा मोबाइलने फोटो काढला की ट्यूबलाइटची चमक येते आणि कागद किंचित वाकलेला असला तर चेहराही वाकतो, म्हणून स्कॅनर वापरला. ६०० डीपीआयला एका इंचात ६०० पिक्सेल मिळतात. डोक्यापासून खांद्यापर्यंतचा भाग प्रिंटवर अडीच सेंटिमीटर असेल तर साधारण ५९० पिक्सेल होतात, आणि स्टिकरला हे पुरेसं आहे. तोच भाग एक सेंटिमीटरचा असेल तर जेमतेम २३६ पिक्सेल मिळतात. त्याला दुपटीने ताणावं लागतं आणि चेहरा मेणाचा दिसायला लागतो. मोठ्या लग्नाच्या ग्रुपफोटोतला चौथ्या रांगेतला मामा या कारणाने राहून गेला. स्कॅनरचा आकडा १२०० केला म्हणून प्रिंटमध्ये नसलेला तपशील येत नाही, कागदाची खरबरीत जाळी मात्र जास्त ठळक होते.

स्कॅन करण्याआधी काच आणि प्रिंट दोन्ही कोरड्या मऊ कापडाने पुसावेत. अल्बमच्या चिकट पानावरून प्रिंट सुटत नसेल तर ओढू नये, पानासकट काचेवर ठेवावा. वरचं प्लास्टिक तेवढं उचलून बाजूला करायचं.

कात्रण

अलीकडच्या आयफोनवर फोटोतल्या माणसावर बोट दाबून धरलं की तो पार्श्वभूमीतून सुटून येतो. आयओएस १७ पासून तिथेच स्टिकर म्हणून ठेवण्याचा पर्यायही आहे. व्हॉट्सॲपच्या स्टिकर ट्रेमध्ये नवीन स्टिकर बनवण्याचं बटण आहे, तिथेही फोटो निवडला की माणूस आपोआप कापला जातो. बारांपैकी आठ फोटोंना एवढंच पुरलं. घरचे फोटो अनोळखी वेबसाइटवर चढवून पार्श्वभूमी काढायची गरज नाही, आणि लहान मुलांचे फोटो असतील तर ते मुळीच करू नये.

आपोआप झालेलं कात्रण कुठे फसतं हे ठरलेलं असतं, म्हणून कुठे बघायचं तेही ठरवून घेता येतं. पहिली जागा म्हणजे कोपर आणि अंग यांच्यामधली फट. कमरेवर हात ठेवलेल्या आत्याच्या हाताखालच्या त्रिकोणात मागच्या सोफ्याचा तुकडा तसाच राहिला होता. दुसरी जागा चष्मा. काचेत खिडकीचा उजेड पडला असेल तर काही वेळा ती काचच पार्श्वभूमी समजून भोक पाडलं जातं. पांढऱ्या चॅटवर ते दिसत नाही, पण डार्क मोडमध्ये आजीचा एक डोळा काळा होतो. तिसरी जागा म्हणजे झिरझिरीत पदर आणि मोकळे केस. इथे अर्धपारदर्शक भाग राहतो आणि त्यातून जुन्या पडद्याचा रंग डोकावतो.

आजोबांच्या टोपीचं कात्रण आपोआप झालंच नाही. टोपीचा वरचा भाग भिंतीबरोबर गेला आणि डोकं सपाट झालं. अशा वेळी हाताने कापणं हाच उपाय. गिंप या संगणकावरच्या फोटो-संपादन प्रोग्राममध्ये फोटो उघडून पाथ टूलने टोपीच्या कडेने बिंदू टाकत गेलो. टोपीची रेघ भिंतीत हरवली होती तिथे दोन्ही टोकांच्या दिसणाऱ्या रेषा जोडून वक्र पूर्ण केला. टोपीचा आकार सगळ्यांना माहीत असल्यामुळे ही जुळवणी कोणाच्या लक्षात येत नाही. पाथचं सिलेक्शन करून ते दोन पिक्सेल आत ओढलं आणि मग लेयर मास्क लावला. आत ओढण्याचं कारण असं की नेमक्या कडेवरच्या पिक्सेलमध्ये अर्धी भिंत मिसळलेली असते. तिथेच कापलं तर माणसाभोवती मळकट रेघ उमटते. मास्क लावायचा, खोडरबर चालवायचं नाही, कारण मास्कमध्ये चुकून कापलेला कान परत आणता येतो.

कात्रण झालं की त्याच्याखाली भडक गुलाबी किंवा हिरव्या रंगाचा एक लेयर टाकून बघावं. पारदर्शक चौकटींच्या पार्श्वभूमीवर न दिसलेले कण, अर्धवट पुसलेले ठिपके, काखेतला सोफा, सगळं त्यावर लगेच उघडं पडतं. हे तपासणं टाळलं तर पुढच्या पायरीत त्याची किंमत मोजावी लागते.

आणखी एक बारीक गोष्ट. कमरेपर्यंतचा फोटो फ्रेमच्या तळाशी सरळ कापलेला असतो आणि स्टिकरमध्ये ती सपाट रेघ खटकते. तळाची कड हाताने किंचित गोलसर केली की नजर तिथे अडकत नाही.

किनार आणि चौकोन

व्हॉट्सॲपचा स्टिकर ५१२ बाय ५१२ पिक्सेलचा, पारदर्शक पार्श्वभूमीचा आणि वेबपी प्रकारचा असावा लागतो. स्थिर स्टिकरची फाइल १०० केबीच्या आत हवी. चारही बाजूंना १६ पिक्सेल मोकळी जागा आणि माणसाभोवती ८ पिक्सेलची पांढरी किनार ठेवावी अशी त्यांची शिफारस आहे. व्हॉट्सॲपमध्येच बनवताना ही मापं ॲप सांभाळतं. स्वतः कापलेल्या फोटोंना ती आपल्याला द्यावी लागतात.

पांढरी किनार केवळ शोभेची नाही. डार्क मोडमध्ये काळे केस आणि गडद शालू चॅटच्या पार्श्वभूमीत बुडून जातात आणि नुसता चेहरा तरंगत राहतो. किनार असली की आकृती सुटी दिसते. शिवाय कात्रणात राहिलेली थोडी दातेरी कड किनार झाकून घेते.

किनार कधी द्यायची याला मात्र महत्त्व आहे. आधी किनार देऊन मग फोटो लहान केला तर प्रत्येक स्टिकरवर किनारीची जाडी वेगळी होते, कारण प्रत्येक फोटो वेगळ्या प्रमाणात आकसतो. पॅक एकत्र बघितला की काकांना जाड किनार आणि आजीला केसाएवढी, असं दिसतं. म्हणून आधी माप, मग किनार. ५१२ मधून दोन्हीकडचे सोळा-सोळा गेले की ४८० उरतात, त्यातून किनारीचे आठ-आठ गेले की ४६४. माणूस ४६४ मध्ये बसवायचा.

हे गिंपमध्ये एकेक करता येतं, पण एकसारखे हवे असतील तर आज्ञा लिहून चालवायच्या इमेजमॅजिक या प्रोग्रामच्या एका आज्ञेत होतं. (लिनक्स आणि मॅकवर अशीच चालते. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये कंसांआधीच्या आणि ओळींच्या शेवटच्या उलट्या रेघा काढून सगळी आज्ञा एका ओळीत लिहावी.)

```
magick katran.png -channel A -level 20%,100% +channel \
  -background none -alpha background \
  -trim +repage -resize 464x464 \
  -bordercolor none -border 24 \
  \( +clone -alpha extract -morphology Dilate Disk:8 \
     -background white -alpha shape \) +swap -composite \
  -background none -gravity center -extent 512x512 aajoba.png
```

पहिल्या ओळीतला `-level` हा भाग वीस टक्क्यांहून कमी अपारदर्शक असलेले सगळे कण पुसून टाकतो. तो का हवा ते `-trim` आणि किनार यांच्या वागण्यावरून कळतं. `-trim` पारदर्शक नसलेल्या शेवटच्या पिक्सेलपर्यंतचा चौकोन धरतो. फोटोच्या कोपऱ्यात डोळ्याला न दिसणारा एक कण राहिला असेल तर चौकोन तिथपर्यंत जातो आणि माणूस मधोमध न बसता लहान होऊन एका बाजूला सरकतो. किनार तर प्रत्येक कणाभोवतीही फुगते, म्हणजे एका ठिपक्याचा साधारण सतरा पिक्सेल रुंदीचा फिकट गोल डाग होतो. स्टिकरभोवती असे डाग दिसले किंवा माणूस विनाकारण लहान आला, तर दोष आज्ञेचा नसतो, कात्रणात केर राहिलेला असतो. वीस टक्क्यांवरचा ठळक ठिपका या आज्ञेने जात नाही, तो हातानेच पुसावा लागतो. केसांच्या बटा जास्तच गेल्या असं वाटलं तर वीसचा आकडा दहावर आणावा.

त्यानंतर वेबपी:

```
cwebp -q 85 aajoba.png -o aajoba.webp
```

इतक्या गुणवत्तेला माणसाच्या फोटोचा स्टिकर सहसा मर्यादेच्या बराच आत राहतो. फाइल १०० केबीच्या वर गेली तर बहुतेक वेळा ती लॉसलेस प्रकारात निर्यात झालेली असते, आणि त्या प्रकारात जुन्या प्रिंटची जाळी जशीच्या तशी साठवली जाते. गिंपच्या निर्यातीच्या खिडकीत लॉसलेसची खूण काढली की काम होतं. पीएनजीच्या नावाचं शेपूट बदलून `.webp` करणं हा उपाय नव्हे. फाइल आतून पीएनजीच राहते आणि पॅक चढवताना नाकारली जाते.

अक्षरं

मजकूर किनारीनंतर, ५१२ च्या चौकोनात टाकायचा. अक्षराची उंची शिरोरेषेपासून खालपर्यंत ७० पिक्सेलच्या खाली गेली की साधारण फोनवर डोळे बारीक करावे लागतात, आणि हा पॅक वापरणाऱ्यांत साठी ओलांडलेले बरेच आहेत. म्हणून दोन शब्दांच्या वर मजकूर नको. मुक्ता किंवा बलू हे 'एक टाइप' या संस्थेचे मोफत फॉन्ट या कामाला चांगले, पण सगळ्यात जाड वजन घेऊ नये. 'ष', 'क्ष', 'श्र' यांच्या पोटातली जागा बुजते आणि लहान आकारात नुसता डाग उरतो.

इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून बनवलेल्या सजावटीच्या साच्यांत देवनागरीची हमखास अडचण होते. त्यांची चौकट अक्षराच्या डोक्यालगत असते, त्यामुळे 'र्की'सारख्या अक्षरावरचा रफार आणि वेलांटीचा वरचा भाग छाटला जातो. वर मोकळी जागा सोडली की हे टळतं. दुसरी अडचण जाड बाह्यरेषेची. अनुस्वाराचा ठिपका शिरोरेषेच्या रेषेत मिसळून जातो आणि 'बरं'चं 'बर' होतं. बाह्यरेषा चार-पाच पिक्सेलवर आणली की ठिपका सुटा दिसतो. काही जुन्या फोटो ॲपमध्ये जोडाक्षरं फुटून 'क्या'च्या जागी 'क् या' येतं. त्याला सेटिंगमध्ये इलाज नाही, ते ॲपच बदलायचं.

तयार स्टिकर पाठवण्याआधी पांढऱ्या, काळ्या आणि व्हॉट्सॲपच्या फिकट हिरव्या पार्श्वभूमीवर ठेवून बघितले. काळ्या अक्षरांना पांढरी बाह्यरेषा नसती तर डार्क मोडमध्ये 'पुरे हं' कोणाला दिसलंच नसतं.

पॅक बांधणं

संगणकावर तयार केलेल्या फाइली व्हॉट्सॲपमध्ये न्यायला स्टिकर पॅक बनवणारं एखादं ॲप लागतं. पॅकमध्ये किमान ३ आणि जास्तीत जास्त ३० स्टिकर चालतात. ट्रेमध्ये पॅक ओळखू यावा म्हणून ९६ बाय ९६ पिक्सेलचं, ५० केबीच्या आतलं एक चिन्हही लागतं. 'व्हॉट्सॲपमध्ये जोडा' दाबून काहीच होत नसेल तर कारण बहुधा या तिघांत सापडतं: तिसरा स्टिकर नाही, चिन्ह दिलेलं नाही, किंवा एखादी फाइल जड झालीय. चिन्हाला पूर्ण स्टिकर लहान करून वापरू नये, तेवढ्या जागेत काही कळत नाही. आम्ही आजीचा चष्मा आणि डोळे एवढंच कापून लावलं.

प्रत्येक स्टिकरला तीनपर्यंत इमोजी जोडता येतात, आणि शोधताना ते उपयोगी पडतात. हे काम कंटाळवाणं आहे, पण जांभईला झोपेचा आणि ताटावरच्या हाताला 'थांबा'चा इमोजी दिला की पॅक वापरात राहतो. हलते स्टिकर करायचे असतील तर त्यांचा पॅक वेगळा बांधावा लागतो, स्थिर आणि हलते एकत्र चालत नाहीत. त्यांना ५०० केबीची मर्यादा आहे आणि प्रत्येक फ्रेममधलं कात्रण तपासावं लागतं. घरच्या पॅकसाठी ते कष्ट परवडत नाहीत असं माझं मत आहे.

ॲप निवडताना एक गोष्ट नक्की बघावी: पॅक आपोआप सगळ्यांसाठी खुला होतो का. काही ॲप पॅक आपल्या सर्व्हरवर चढवून शोधात दाखवतात. 'खाजगी' असा पर्याय नसेल, किंवा नुसतं फाइल घेण्यासाठी लॉगिन मागत असेल, तर ते ॲप घरच्या फोटोंसाठी नको.

अँड्रॉइडवर दुसरं एक वैशिष्ट्य आहे. अशा पॅकमधल्या चित्रांचा पुरवठा ते ॲप व्हॉट्सॲपला करत असतं. 'पॅक जोडून झाला, आता ॲप कशाला' म्हणून ते काढून टाकलं की पॅकही ट्रेमधून जातो. चॅटमध्ये आधी पाठवलेले स्टिकर मात्र तिथेच राहतात.

वाटप

जानेवारी २०२५ मध्ये व्हॉट्सॲपने स्टिकर पॅक थेट चॅटमधून पाठवण्याची सोय जाहीर केली. ट्रेमध्ये आपल्या पॅकसाठी पाठवण्याचा पर्याय दिसत असेल तर तोच सगळ्यात सोपा मार्ग. तो दिसत नसेल तर पॅक बनवणाऱ्या ॲपमधून पॅकची एक फाइल काढून पाठवता येते. ही फाइल बहुधा `.wastickers` अशा शेपटाची असते आणि आतून ती झिपच असते. मात्र घेणाऱ्याकडे ती उघडू शकणारं ॲप असावं लागतं. आजी-आजोबांच्या फोनवर केवळ बारा स्टिकरांसाठी नवं ॲप बसवण्यात अर्थ नाही.

त्यांच्यासाठी तिसरा मार्ग वापरला, आणि तो सगळ्या फोनवर चालतो. एक तात्पुरता ग्रुप काढून त्यात बाराही स्टिकर एकामागून एक पाठवले. प्रत्येकाने एकेका स्टिकरवर टिचकी मारून 'आवडते'मध्ये ठेवला. नेहमीच्या ग्रुपमध्ये हे करू नये. मधे कोणी सुप्रभात टाकतं, कोणी वाढदिवसाच्या शुभेच्छा, आणि सातवा स्टिकर कोणाच्याच हाती लागत नाही. आजीचा फोन शेजारी बसून भरून द्यावा लागतो, ते धरूनच चालायचं.

एकदा गेलेला स्टिकर दुरुस्त होत नाही. मजकुरातली चूक काढून पॅक सुधारला तरी लोकांनी साठवलेली जुनी प्रत जुनीच राहते. प्रत्येकाला ती काढायला सांगून नवी पाठवावी लागते. म्हणून वाटपाआधी ऱ्हस्व-दीर्घ दुसऱ्या कोणाकडून तरी तपासून घ्यावं.

परगावी असलेल्या चुलतभावंडांचा गट टेलिग्रामवर होता. तिथे हेच स्टिकर जातात, पण एका फरकाने. टेलिग्रामला चौकोन नको असतो. एक बाजू नेमकी ५१२ आणि दुसरी त्याहून कमी चालते. चारी बाजूंनी मोकळी जागा सोडलेला व्हॉट्सॲपचा स्टिकर तिथे लहान दिसतो. वरच्या आज्ञेत `464x464` च्या जागी `496x496`, `-border 24` च्या जागी `-border 8` लिहून शेवटचा `-extent`चा भाग गाळला की लांब बाजू बरोबर ५१२ येते.

तिथलं काम @Stickers या बॉटकडे. त्याला `/newpack` पाठवायचं, पॅकचं नाव द्यायचं, मग प्रत्येक पीएनजी फोटो म्हणून नव्हे तर फाइल म्हणून पाठवायची. फोटो म्हणून गेली की पारदर्शकता संपते. प्रत्येक फाइलनंतर तिचा इमोजी, शेवटी `/publish`. चिन्ह नको असेल तर `/skip`, आणि मग दुव्यासाठी छोटं नाव. दुवा `t.me/addstickers/` ने सुरू होतो आणि त्यापुढे ते नाव येतं.

ते नाव विचार करून द्यावं. टेलिग्रामचा पॅक खाजगी नसतो. दुवा हाती लागलेला कोणीही तो उघडू शकतो, आणि त्यातला एक स्टिकर ज्या चॅटमध्ये जातो तिथला कोणीही त्यावर टिचकी मारून अख्खा पॅक आपल्याकडे घेतो. ऑफिसच्या गटात काकांची जांभई पाठवली की त्यामागून भाच्याचा मोदकही तिथे पोचला. म्हणून टेलिग्रामच्या पॅकमधून मुलांचे तिन्ही स्टिकर वगळले, आणि आडनाव व गावाचं नाव दोन्ही दुव्यातून बाहेर ठेवली. व्हॉट्सॲपवरही स्टिकर पुढे ढकलता येतोच, फक्त तिथे तो एकटा जातो.

ज्यांचे चेहरे वापरले त्यांना तयार स्टिकर आधी दाखवले. काकांनी जांभई चालवून घेतली, एका मावशीने आपला फोटो नको म्हटलं, तिच्या जागी आजोबांचा दुसरा घेतला. टेलिग्रामवर पुढे कोणाचं मन बदललं तर `/delsticker` ने तेवढा एक स्टिकर काढता येतो आणि `/delpack` ने सगळा पॅक. व्हॉट्सॲपवर लोकांनी साठवलेली प्रत आपल्या हातात उरत नाही, त्यामुळे तिथली परवानगी पाठवण्याआधीच घ्यावी लागते.